काच पुसली की दोन मिनिटांत परत धूसर: डिमिस्ट, एसी आणि रिसर्क्युलेशन नेमकं कसं वापरायचं

पावसात गाडी चालवताना समोरची काच धूसर होते, डिमिस्ट लावलं की साफ होते, मग थंडी वाजते म्हणून एसी बंद केला की मिनिटभरात आधीपेक्षा जास्त धूसर होते, हे चक्र ज्यांच्याकडे रोज चालू आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. माझ्या गाडीत हे जवळजवळ दोन महिने चाललं होतं. त्यातला अर्धा दोष माझ्या सेटिंगचा होता आणि अर्धा गाडीतल्या एका बिघाडाचा, आणि दोन्ही एकत्र असल्यामुळे कशाने काय होतंय ते कळतच नव्हतं, म्हणून आधी सेटिंगचं सांगतो आणि मग बिघाडाचं.

सगळ्यात पहिली गोष्ट, धुकं काचेच्या आतून आहे की बाहेरून ते बघा. वायपर एकदा फिरवा. साफ झालं तर बाहेरून आहे, काहीच फरक पडला नाही तर आतून. हे तपासल्याशिवाय एकही बटण दाबू नका, कारण दोन्हींचे उपाय उलटे आहेत. बाहेर दमट गरम हवा असेल आणि तुम्ही एसी फुल थंड करून वारा काचेवर सोडला असेल तर काच आतून इतकी गार होते की बाहेरच्या हवेतलं पाणी तिच्यावर बाहेरून जमतं, थंड पाण्याच्या ग्लासवर बाहेरून थेंब येतात ना, अगदी तसंच. अशा वेळी माणूस घाबरून डिमिस्ट अजून जोरात करतो, काच अजून गार होते आणि धुकं अजून वाढतं. बाहेरचं धुकं असेल तर वायपर मारा, वारा काचेवरून काढून छातीकडे किंवा पायाकडे वळवा आणि टेंपरेचर दोन-तीन डिग्री वर घ्या, बास, एवढंच. इथून पुढे जे लिहितोय ते सगळं आतल्या धुक्याबद्दल आहे.

आतलं धुकं का येतं ते एकदा आकड्यात बघितलं की सगळी बटणं आपोआप कळतात. साध्या कारच्या आत साधारण 3 घनमीटर हवा असते. 25 डिग्रीची हवा एका घनमीटरला जास्तीत जास्त 23 ग्रॅम पाण्याची वाफ धरू शकते, 20 डिग्रीची फक्त 17 ग्रॅमच्या आसपास. आता समजा गाडीत 25 डिग्री आहे आणि दमटपणा 60 टक्के, म्हणजे सगळ्या हवेत मिळून साधारण 41 ग्रॅम पाणी आहे. बाहेर पाऊस पडतोय त्यामुळे काच 20 डिग्रीला आलीय. काचेला चिकटलेली हवा पण 20 ची होणार आणि ती सगळी मिळून 52 ग्रॅमच्या वर काही धरू शकणार नाही. म्हणजे फक्त 11 ग्रॅम, दोन छोटे चमचे पाणी हवेत अजून आलं की काच धरायला लागते. आणि एक माणूस नुसता बसून श्वासातून आणि अंगातून तासाला अंदाजे 40 ते 50 ग्रॅम वाफ सोडतो. चार जण बसलेत म्हणजे मिनिटाला 3 ग्रॅम. हवा बाहेर जायला वाट नसेल तर चार-पाच मिनिटांत काम तमाम. ओले कपडे, ओल्या छत्र्या आणि पायाखालची ओली मॅट यांचा हिशोब मी यात धरलाच नाहीये.

त्यामुळे रिसर्क्युलेशन, म्हणजे गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असलेलं बटण, ते चालू आणि एसी बंद हे कॉम्बिनेशन पावसात सगळ्यात वाईट. आपण सोडलेली वाफ परत परत आतच फिरत राहते. माझी चूक हीच होती. बाहेरचा धूर आणि वास नको म्हणून मी ते बटण वर्षभर दाबून ठेवायचो, इतकं की ते चालू आहे हे लक्षातच राहायचं नाही, त्यावरचा दिवा पण उन्हात नीट दिसत नाही.

मग फ्रेश एअरवर टाकलं की झालं का? इथे बरेच जण फसतात. थंडीत बाहेर 5 डिग्री असेल तर त्या हवेत मुळात 6-7 ग्रॅमच पाणी असतं, ती आत येऊन हीटरवर गरम झाली की अगदी कोरडी होते आणि काच छान साफ करते, तिथे एसी नसला तरी बऱ्यापैकी चालतं. पण पाऊस आणि बाहेर 24-25 डिग्री असेल तर बाहेरची हवा आधीच वाफेने गच्च भरलेली आहे, घनमीटरला 20-22 ग्रॅम. ती नुसती आत घेतली तर तुम्ही गाडीत ओलावाच भरताय. म्हणून उबदार पावसात फ्रेश एअरच्या जोडीला एसी हवाच हवा, तिथे एसी थंडाव्यासाठी नसून हवा पिळून काढण्यासाठी असतो.

पिळून म्हणजे काय, तर ब्लोअरचा वारा आधी डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलवरून जातो. कॉइल चालू असताना दोन-पाच डिग्रीला असते. त्या गार पत्र्यांवर हवेतलं पाणी थेंब होऊन जमतं आणि एका नळीतून गाडीखाली टपकतं. कॉइलवरून 5 डिग्रीला बाहेर पडलेल्या हवेत 7 ग्रॅमपेक्षा कमी पाणी उरतं. आता त्यानंतर हीच हवा हीटरवरून गेली आणि परत 25 डिग्री झाली तर तिचा दमटपणा जेमतेम 30 टक्के असतो. अशी कोरडी आणि कोमट हवा काचेवर आदळली की धुकं जातं, आणि काच गार न झाल्यामुळे बाहेरूनही धरत नाही. एसी आणि हीटर एकाच वेळी लावणं म्हणजे पेट्रोल फुकट घालवणं असं खूप जणांना वाटतं, मलाही वाटायचं, पण काच साफ करायला नेमकं हेच लागतं. आधी गार करून पाणी काढायचं, मग ऊब द्यायची.

म्हणजे प्रत्यक्षात असं करा. वारा काचेवर, ब्लोअर सुरुवातीला जोरात, एसीचं बटण चालू, रिसर्क्युलेशन बंद, आणि टेंपरेचर मधोमध किंवा थोडं गरम बाजूला, ऑटोमॅटिक असेल तर 24-25 च्या आसपास. एक-दोन मिनिटांत काच खालून वर साफ होत जाते. साफ झाली की ब्लोअर कमी करा पण एसी बंद करू नका. गार वाटलं तर टेंपरेचर वाढवा, एसीला हात लावू नका. हे वाक्य मी माझ्या घरच्यांना इतक्यांदा सांगितलंय की आता ते स्वतःच म्हणतात.

बऱ्याच गाड्यांमध्ये समोरच्या डिमिस्टचं बटण दाबलं की एसी आणि फ्रेश एअर आपोआप चालू होतं. पण नॉब फिरवायच्या साध्या सिस्टिममध्ये कित्येकदा नॉब फक्त वाऱ्याची दिशा बदलतो, एसी आणि रिसर्क्युलेशन जसं होतं तसंच राहतं. तुमच्या गाडीत काय होतं ते उभ्या गाडीत एकदा करून बघा, दिवे कुठले लागतात ते बघा. आणि बटणं दोन असतात, वरून वक्र काचेचं चित्र ते समोरचं, चौकोनी चित्र ते मागच्या काचेचं. मागच्या काचेत गरम होणाऱ्या बारीक तारा असतात, त्याचा समोरच्या काचेशी काही संबंध नाही, आणि ते बहुतेक गाड्यांत दहा-वीस मिनिटांनी आपोआप बंद होतं, त्यामुळे मागची काच परत धरली तर बिघाड समजू नका, बटण परत दाबा.

आता एसी बंद केल्यावर एकदम धुकं का येतं ते. कॉइल ओली असते, तिच्या पत्र्यांमध्ये पाणी अडकलेलं असतं. कॉम्प्रेसर थांबला की कॉइल गरम व्हायला लागते आणि ब्लोअरचा वारा ते सगळं पाणी वाफ करून थेट तुमच्या काचेवर नेऊन टाकतो. ज्या पाण्याला नळीतून बाहेर जायचं होतं ते परत आत आलं. म्हणून काच साफ झाली की लगेच एसी बंद करायची सवय असेल तर ती आधी सोडा, बऱ्याच लोकांचा प्रॉब्लेम तेवढ्यानेच संपतो. सिग्नलला आपोआप इंजिन बंद होणारी सिस्टिम असेल तर तिथेही हेच होतं, इंजिन थांबलं की कॉम्प्रेसर थांबतो आणि हिरवा लागेपर्यंत काच धरलेली असते. पावसात ती सिस्टिम बटणाने बंद ठेवा.

एक प्रामाणिक गोष्ट सांगतो, रिसर्क्युलेशन चालू आणि एसीही चालू असेल तर लगेच धुकं येईलच असं नाही. उलट बाहेर खूप दमट असेल तर आतलीच हवा कॉइलवरून परत परत गेल्यामुळे ती चांगली कोरडी होते. बोगद्यात किंवा धूर सोडणाऱ्या ट्रकच्या मागे थोडा वेळ लावायला काही हरकत नाही. पण सगळी भिस्त कॉम्प्रेसरवर राहते, तो कुठल्याही कारणाने थांबला की वाफेला जायला जागाच नाही. आणि बाहेर गोठायच्या जवळपास थंडी असेल तर कॉइलवर बर्फ होऊ नये म्हणून सिस्टिम कॉम्प्रेसर चालूच देत नाही, एसीचा दिवा लागलेला दिसतो पण पाणी काढलं जात नाही, तिथे फ्रेश एअर आणि हीटर हाच उपाय. म्हणून मी स्वतः पावसात आणि थंडीत डिफॉल्ट फ्रेश एअरच ठेवतो.

चालत्या गाडीत अचानक सगळं पांढरं झालं तर हाताने पुसत बसू नका. वेग कमी करा, दोन्ही बाजूच्या काचा दोन-तीन बोटं खाली घ्या, ब्लोअर फुल करून काचेवर सोडा. काचा उघडल्याने आतली वाफ लगेच बाहेर जाते, चार थेंब पाऊस आत आला तरी येऊ दे. तरी दिसत नसेल तर बाजूला थांबा.

आता बिघाडाचं. मी वरचं सगळं बरोबर करायला लागलो, ऑफिसला जाताना आम्ही चौघं असायचो, जाताना काच साफ राहायची. पण सकाळी गाडी उघडली की सगळ्या काचा आतून ओल्या, समोरच्या, बाजूच्या, मागच्या, नुसत्या धूसर नाही तर हात फिरवला की पाणी ओघळेल अशा. रात्रभर गाडीत कोणी श्वास घेत नव्हतं. मग ही वाफ आली कुठून? इथे मला कळलं की गाडीत पाणी साठलंय. ही खूण नीट लक्षात ठेवा, चालवताना काच धरणं हा बहुतेक वेळा सेटिंगचा मामला असतो, पण बंद उभ्या गाडीत रात्रीतून आतून काचा ओल्या होत असतील तर गाडीच्या आत कुठेतरी ओल आहे.

एका ठिकाणी दाखवली तर त्यांनी कॅबिन फिल्टर बदलून दिला. फिल्टर खरंच घाण होता, बदलल्यावर वारा जोरात यायला लागला, पण सकाळचं धुकं तसंच. मग मी एका सुट्टीच्या दिवशी स्वतः एकेक गोष्ट बघितली.

आधी रिसर्क्युलेशनचा पडदा अडकलाय का ते. ब्लोअर फुल करायचा आणि बटण चालू-बंद करत कान द्यायचा. रिसर्क्युलेशनवर ब्लोअर आतली हवा ओढतो म्हणून आवाज स्पष्ट मोठा होतो, फ्रेश एअरवर दबल्यासारखा होतो. आवाजात काहीच फरक पडत नसेल तर दिवा काहीही सांगो, आतला पडदा हललेला नाही, त्याची छोटी मोटर किंवा केबल बघायला लागेल. माझ्यात आवाज बदलत होता, म्हणजे पडदा ठीक. मग बॉनेट उघडून काचेच्या पायथ्याशी वायपरजवळची जाळी बघितली, फ्रेश एअर तिथूनच आत येते, तिथे पानांचा गाळ होता, हाताने काढला. मग एसी खरंच पाणी काढतोय का ते बघायला टेंपरेचर एकदम थंड करून मधल्या झडपांवर हात ठेवला, हवा मस्त गार, म्हणजे गॅस आणि कॉम्प्रेसर व्यवस्थित. हवा गार येत नसेल तर तुमचं डिमिस्ट नुसता पंखा आहे, आधी एसी दुरुस्त करा.

आणि मग मी गाडीखाली वाकून बघितलं. दमट दिवस, एसी पंधरा-वीस मिनिटं चालू, अशा वेळी गाडीखाली पाण्याचं छोटं थारोळं व्हायला पाहिजे. एक थेंब नव्हता. जमीन कोरडी ठणठणीत. हवा गार येतेय म्हणजे कॉइलवर पाणी जमतंय, आणि खाली पडत नाही म्हणजे ते कुठेतरी दुसरीकडे जातंय.

शेजारच्या सीटच्या पायाशी मॅट उचलली, वरून कार्पेट हाताला फक्त थंड लागलं, ओलं नाही. इथेच मी आधी दोनदा फसलो होतो. कार्पेटखाली जाड फोम असतो आणि पाणी सगळं त्याच्यात बसतं, वरचं कापड कोरडं दिसतं. वर्तमानपत्राची चार घडीची घडी ठेवून तिच्यावर टाच रोवून अर्धा मिनिट उभा राहिलो, कागद पूर्ण भिजला. ड्रायव्हरच्या बाजूला तेच केलं तर कागद कोरडा. म्हणजे पाणी एकाच बाजूला, कॉइलच्या बाजूला.

पाणी सापडलं तरी ते कुठलं हे ठरवायला लागतं, कारण तीन शक्यता असतात. कागद नाकाला लावून बघितला, बोटांत चोळून बघितला. हीटरची कॉइल गळत असेल तर ते कूलंट असतं, हाताला चिकट-तेलकट लागतं, वास गोडसर येतो, काचेच्या आत पुसलं तरी न जाणारा तेलकट थर बसतो आणि बॉनेटखालच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरते. त्यातलं काही दिसलं तर हे पुढे ढकलू नका, कूलंट संपलं तर इंजिन जाईल, आणि त्याची वाफ श्वासात जाणंही बरं नाही. पातळी बघताना इंजिन पूर्ण गार असू दे, गरम इंजिनावर झाकण उघडायचं नाही. माझं पाणी साधं होतं, बिनवासाचं. मग उरलं पावसाचं की एसीचं. एसी बंद ठेवून काचेच्या पायथ्याशी पाइपने दहा मिनिटं पाणी सोडलं, आत बायको टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली बघत होती, काहीच आलं नाही. नंतर एसी लावला, वीसेक मिनिटांनी ती म्हणाली अहो इथून पडतंय बघा, पंख्याच्या डब्याखालून. म्हणजे एसीच्याच पाण्याची नळी तुंबलेली.

नळी बहुतेक गाड्यांत इंजिन आणि कॅबिनच्या मधल्या पत्र्यातून खाली निघते, रबराची, बोटाएवढी जाड. मेकॅनिकने गाडी वर घेऊन तिचं टोक दाबलं, पातळ वायरने आतला गाळ हलवला आणि अंदाजे लिटरभर गढूळ पाणी एका झटक्यात खाली आलं. एक सांगतो, ही नळी जोराच्या हवेने फुंकू देऊ नका, आतल्या बाजूचा जोड निसटला तर पाणी कायमचं आतच पडणार आणि मग अख्खा डॅशबोर्ड काढायची वेळ येते. वायर पण हलक्या हाताने, कॉइल तिथून फार लांब नसते.

नळी साफ झाली म्हणून धुकं लगेच गेलं नाही, आणि बरेच जण इथेच समजतात की निदान चुकलं. फोममध्ये साठलेलं पाणी तर तिथेच होतं ना. कार्पेटची कड सोडवून खाली विटा सरकवल्या, फोम आणि पत्रा यांच्यात जुने टॉवेल कोंबले, दिवसातून दोनदा बदलले, उन्हात काचा बोटभर उघड्या ठेवून गाडी उभी केली. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी काचा पहिल्यांदा कोरड्या दिसल्या.

तरीही समोरच्या काचेवर ड्रायव्हरच्या बाजूला एक पट्टा थोडा लवकर धरायचा, बरोबर तिथेच जिथे मी दोन महिने हाताने पुसत होतो. हाताचं तेल आणि डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून उडून बसणारा बारीक थर यांना पाण्याचे कण चटकन पकडून बसतात. मायक्रोफायबरच्या एका कपड्यावर काच साफ करायचं लिक्विड घेऊन पुसलं, लगेच दुसऱ्या कोरड्या कपड्याने, आणि काळं यायचं थांबेपर्यंत तीनदा केलं. पट्टा गेला.

आता मुक्कामाला पोचायच्या आधी एसी बंद करून कॉइल वाळवावी असं सांगतात, वास येऊ नये म्हणून. ते चांगलं आहे पण पावसात चालत्या गाडीत करू नका, वर सांगितलं तसं ते पाणी काचेवरच येणार. गाडी पार्क केल्यावर एसी बंद, फ्रेश एअर, वारा पायाकडे, ब्लोअर तीन नंबरवर, दोन-तीन मिनिटं काच थोडी उघडी ठेवून, मग इंजिन बंद. त्या वेळात मी खाली वाकून थेंब पडताना दिसतात का तेही बघून घेतो.